अर्धवट नावे व क्रमांक दाखवणाऱ्या कॉल यादीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : रीसेट करण्यापूर्वी काढलेले स्क्रीनशॉट निरुपयोगी ठरल्याबाबत.

महोदय,

माझ्या आईचा आपल्या कंपनीचा फोन वारंवार बंद पडत असल्याने आम्ही तो आपल्या अधिकृत सेवा केंद्रात नेला. फोन रीसेट करावा लागेल, तेव्हा संपर्क आणि कॉल यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, असे तेथील कर्मचाऱ्याने सांगितले व त्याच्याच सांगण्याप्रमाणे ते काढून माझ्या फोनवर पाठवले. त्यानंतर फोन कोरा करण्यात आला.

आईची दृष्टी कमी असल्याने तिच्या फोनवरील अक्षरे मोठी ठेवलेली आहेत. त्यामुळे प्रत्येक नाव ओळीच्या टोकाला तीन टिंबांत संपते. ‘सुनील प्लंबर वारजे’ आणि ‘सुनील प्लंबर कर्वेनगर’ या दोन्ही नोंदी आता ‘सुनील प्लं…’ एवढ्याच दिसतात. आपल्याकडे नाव आधी आणि काम किंवा गाव नंतर लिहिण्याची पद्धत असल्याने नेमका ओळख पटवणारा भागच आपले ॲप कापते. क्रमांकांची स्थिती याहून वाईट आहे. सर्वांना समान असलेले +91 पूर्ण दिसते, कॉलची वेळ व सिमचे चिन्हही दिसते, पण शेवटचे अंक त्यांच्यामागे जातात. तीन अंक झाकले गेले, तरी एका क्रमांकाच्या जागी हजार शक्यता उरतात.

याविषयी विचारणा केली असता ‘अक्षरांचा आकार कमी करा’ असे उत्तर मिळाले. स्क्रीनशॉट हे केवळ चित्र असते. पडद्यावर जे उमटले नाही ते त्यात कोठेही साठवलेले नसते, त्यामुळे आकार आता कमी करून काहीही परत येणार नाही. संपर्कांची .vcf फाइल काढून दुसऱ्या फोनवर पाठवली असती, तर नावे व क्रमांक पूर्ण मिळाले असते. कॉल यादी त्या फाइलमध्ये येत नाही, म्हणून प्रत्येक नोंद उघडून पूर्ण क्रमांक उतरवून घेणे आवश्यक होते. हे काम कंटाळवाणे आहे खरे, परंतु ज्यांनी यादी पुसली त्यांनी निदान तसे सांगायला हवे होते. केलेल्या कॉलचे क्रमांक मोबाईल सेवेच्या तपशीलवार बिलावरून शोधता येतील. आलेले कॉल त्यात नसतात, आणि आईला घरी येऊन फिजिओथेरपी देणाऱ्या बाईंचा क्रमांक अशाच एका न जतन केलेल्या, आलेल्या कॉलमध्ये होता.

माझी मागणी अशी की, मोठ्या अक्षरांत नाव दुसऱ्या ओळीवर उतरावे आणि क्रमांक कोणत्याही आकारात पूर्ण दिसावा. जागा अगदीच अपुरी असेल तर टिंबे मधोमध द्यावीत, शेवटचे अंक झाकू नयेत. तसेच रीसेटपूर्वी संपर्कांची फाइल काढून ती दुसऱ्या फोनवर उघडून पाहिल्याशिवाय ग्राहकाची संमती घेऊ नये, अशी लेखी सूचना सर्व सेवा केंद्रांना द्यावी.

दुरुस्तीची पावती व संबंधित स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. यावर काय कार्यवाही केली, ते मला लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, पुणे