हॉलचा ॲडव्हान्स भरण्याआधी

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "होईल गं सगळं" म्हणतात आणि आई फोन दुसऱ्याच्या हातात देते, म्हणून लिहून पाठवतेय. लग्न माझं आहे, तेव्हा खर्चाबद्दल बोलायचा थोडा हक्क मलाही आहे असं समजा.

तुम्ही पंचवीस लाख धरून चालला आहात. हा आकडा आला कुठून, ते मी बाबांना विचारलं. "आजकाल तेवढे लागतातच" हे उत्तर मिळालं. लागतात किती हे हॉलवाला सांगतो. आपल्याला परवडतं किती हे मात्र आपल्याच कागदांवरून काढावं लागतं. बाबांनी पाठवलेला बचतीचा तक्ता घेऊन मी ते उलट्या बाजूने काढलं, म्हणजे आधी तुमचं म्हातारपण, मग धाकट्याचं शिक्षण आणि उरेल ते लग्नाला.

राहतं घर सोडून आपल्याकडे पीएफ, फंड आणि ठेवी मिळून १ कोटी ५८ लाख आहेत. (घर मी मुद्दाम धरलं नाही. त्यात तुम्ही राहणार, म्हणजे त्यातून महिन्याला काही येणार नाही.) बाबा ५६ चे, चार वर्षांनी निवृत्त होणार. आई ५३ ची. हिशोब मी आई ९० ची होईपर्यंत धरला, कारण पैसे पुरायचे ते दोघांपैकी जो जास्त जगेल त्याला. म्हणजे निवृत्तीनंतरची ३३ वर्षं. तुमच्या दोघांचा घरखर्च आजच्या भावाने वर्षाला सहा लाख आहे. बचतीवर महागाईच्या वर वर्षाला दोनच टक्के सुटतील असं धरलं, तर निवृत्तीच्या दिवशी हाताशी सुमारे १४४ लाख हवेत. आजारपणासाठी वेगळे दहा लाख ठेवले की झाले १५४. हे सगळे आकडे आजच्या भावाचे आहेत, महागाई त्यांतून आधीच वजा आहे.

यातले वीस लाख बाबांच्या पुढच्या चार वर्षांच्या पगारातून, वर्षाला पाच याप्रमाणे, बाजूला पडतील. बाकीचे १३४ निवृत्तीच्या दिवशी हवेत. त्याच दोन टक्क्यांनी चार वर्षांत तेवढे व्हायला आज १२४ लाख लागतात, त्यांना हात लावायचा नाही. धाकट्याचा चार वर्षांचा कोर्स आजच्या फीने सोळा लाखांचा आहे. फी महागाईपेक्षा वेगाने चढते म्हणून मी वीस धरले. १५८ मधून १२४ गेले, वीस गेले, उरले चौदा. तुमच्या बाजूने लग्नाची मर्यादा ही, चौदा लाख.

बाबा, तुमच्या ओळखीच्या त्या गुंतवणूकवाल्या गृहस्थांनी तुम्हाला पंचवीस सहज निघतात असं दाखवलं होतं. त्यांचा कागद मी नीट पाहिला. त्यांनी महागाईच्या वर चार टक्के धरलेत. तेवढ्या एका बदलाने १४४ चे १०९ लाख होतात, म्हणजे पस्तीस लाख नुसत्या कागदावर मोकळे झाले. बाजार चांगला चालला तर चारही मिळतील, नाही कोण म्हणतं! पण नाही मिळाले तर ते तुम्ही पंचाहत्तरीला आल्यावर कळणार, आणि तेव्हा बाबांना पुन्हा नोकरी कोण देणार?

वरचे अकरा लाख घेतलेच तर काय होतं, तेही काढून पाहिलं. उद्या काहीच बिघडत नाही, दहा वर्षांनीही बिघडलेलं दिसत नाही, म्हणून तर हे फसवं आहे. हेच अकरा लाख तुमच्याकडे राहिले तर आई ९० ची होईपर्यंत, महागाई वजा करूनसुद्धा, जवळजवळ तेवीस लाख होतात. म्हणजे तुमच्या घरखर्चाची साडेतीन वर्षांहून जास्त सोय. ते आज खर्च केले तर पैसे आईच्या ८६ व्या वर्षाच्या आसपास संपतात. आई, तू आजीला ८८ व्या वर्षी सांभाळलंस, त्या वयात काय काय लागतं हे मी तुला काय सांगू.

"मग तेवढ्यापुरतं कर्ज काढू," असं बाबा म्हणतील हे मला माहीत आहे. अकरा लाख, पाच वर्षं, बारा टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण साडेचोवीस हजार येतो आणि एकूण फेड चौदा लाख अडुसष्ट हजारांच्या घरात जाते. वर्षाला बाजूला टाकायच्या पाच लाखांतले जवळपास तीन या हप्त्यातच जातील, आणि शेवटचं वर्ष तर पगार बंद झाल्यावरचं. पैसे निवृत्तीच्याच बचतीतून जातात, फक्त वर व्याज देऊन.

धाकट्याच्या वीस लाखांतून उसने घ्यायचा विचारही नको. त्याची पहिली फी पुढच्या वर्षी आहे, तेवढ्यात काहीच भरून निघणार नाही. अगदीच कमी पडलं तर शिक्षणासाठी कर्ज मिळतं आणि ते तो कमवायला लागल्यावर फेडता येतं, पण म्हातारपणासाठी कर्ज कुणी देत नाही. म्हणून कात्री लावायची ती आधी लग्नाला, आणि निवृत्तीच्या पैशाला कधीच नाही.

माझे चार लाख मी घालणार आहे, यावर वाद नको. म्हणजे एकूण अठरा. त्यातले दोन बाजूला ठेवायचे, कारण ऐनवेळी काही ना काही वाढतंच. नियोजन करायचं ते सोळाचं.

तीनशे पाहुणे धरून आपल्याकडे जे अंदाज आले, त्यांची मी दोन भागांत फोड केली. सजावट, फोटो, कपडे वगैरे सात लाख, पाहुणे कितीही असोत. बाकीचे अठरा लाख माणसांच्या संख्येप्रमाणे बदलणारे, म्हणजे डोक्यामागे सहा हजार. सजावटीत कितीही काटकसर केली तरी लाख-दीड लाखांच्या पुढे वाचत नाहीत. यादीतली दहा नावं कमी केली की साठ हजार वाचतात. सात लाखांचे साडेपाच केले तर सोळातून साडेदहा उरतात, त्यांत पावणेदोनशे माणसं बसतात. पलीकडच्या घरीही मी हेच सांगितलंय, आणि पावणेदोनशे हा आकडा दोन्हीकडचा मिळून आहे. त्यांना तो पटला. थोडा वेळ लागला, पण पटला.

एक काम मात्र लगेच करा. चौदातले नऊ लाख सध्या शेअरच्या फंडात आहेत. लग्न आठ महिन्यांवर आलंय. बाजार पडला तर सावरायला तेवढा वेळ पुरायचा नाही, म्हणून ते आत्ताच काढून मुदत ठेवीत टाका. काढताना कर किती बसतो ते आधी विचारा आणि तो चौदातूनच वजा करा.

हॉलवाल्यांना रविवारपर्यंत थांबायला सांगा. तीनशेचा ॲडव्हान्स एकदा भरला की पावणेदोनशेचा विषयच संपतो. आईने तिच्याकडची नावं आधी लिहावीत, बाबांनी नंतर. बाबांच्या ऑफिसची यादी आधी आली तर आईच्या मावश्यांना जागाच उरणार नाही. शनिवारी रात्री मी येतेय, तेव्हा बसून नावं कापू.

तुमची,
चिमी