आधी ‘देवराई’ बघा

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय विलास,

तुझं पत्र मिळालं. संदीपला धारवाडला दाखवलंत आणि डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आहे म्हणून सांगितलं, हे वाचून पोटात कालवलं. पण दाखवलंत हे फार बरं केलंत. वहिनी अजून ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ म्हणतात आणि अण्णा ‘नुसता आळस’ म्हणून मोकळे होतात, त्यांना समजेल असा एखादा सिनेमा सांग म्हणतोस. सिनेमाचं वेड मला, म्हणून विचारलंस ते ठीकच.

एकच बघायचा तर ‘देवराई’ बघा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, 2004 चा. अतुल कुलकर्णी शेष झालाय, सोनाली कुलकर्णी त्याची बहीण सीना. डॉक्टरच्या भूमिकेत मोहन आगाशे आहेत, आणि ते खरोखरच मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यामुळं त्या खुर्चीत बसलेला माणूस पेशंटशी बोलताना उगाच गूढ चेहरा करत नाही.

शेष कोकणातला, हुशार, गावाजवळच्या देवराईत जीव अडकलेला. आजार वाढल्यावर बहीण त्याला शहरात आपल्या घरी घेऊन येते. गोष्ट सरळ पुढं सरकत नाही, आत्ताचं आणि मागचं एकमेकांत शिरत राहतं. अण्णा अर्ध्या तासात ‘काय चाललंय कळंना झालंय’ म्हणून उठायला बघतील. त्यांना बसवून ठेव. शेषला तरी कुठं कळतंय? तो गोंधळ बघणाऱ्याच्याही वाट्याला यावा, अशीच ती मांडणी आहे. संदीप जेवताना मध्येच थांबून कान देतो असं लिहिलंस ना, ते वहिनींना इथं आतल्या बाजूनं बघायला मिळेल.

आता तू म्हणशील, ‘अ ब्यूटिफुल माइंड’ का नको? तो ऑस्कर मिळालेला, हिंदीतही बघता येईल. तो वाईट नाही, पण त्यात जॉन नॅश या गणितज्ञाला माणसं दिसतात, अगदी हाडामांसाची, आणि वर्षानुवर्षं दिसत राहतात. या आजारात जास्त करून आवाज ऐकू येतात. नॅशचंही तसंच होतं. शिवाय सिनेमातला म्हातारा नॅश म्हणतो की आपण नवी औषधं घेतो. खऱ्या नॅशनं 1970 नंतर औषधं घेतलीच नव्हती. बघणाऱ्यांनी आपल्या गोळ्या बंद करू नयेत म्हणून ते वाक्य घातलं असं म्हणतात. हेतू चांगला, पण वहिनी ते बघून ‘तुला कोण दिसतंय रे?’ असं संदीपला विचारत बसतील आणि तो नाही म्हणाला की आजार नाहीच असं ठरवून टाकतील.

‘देवराई’त माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम आहे ते सीनाचं. भावावर जीव आहे, आणि त्याच्यापायी स्वतःचं घर ताणलं जातंय. नवरा आहे, मूल आहे. काळजी करता करता ती चिडते, मग चिडल्याबद्दल तिलाच वाईट वाटतं. आपल्याकडच्या सिनेमात अशी बहीण एकतर देवी असते नाहीतर पाषाणहृदयी. यात मानसोपचारातली एक जुनी, चांगली तपासलेली गोष्ट दडलेली आहे. ज्या घरात पेशंटवर सतत टीका होते, राग निघतो, किंवा उलट त्याला तळहातावर धरून पाऊल टाकू देत नाहीत, त्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे अण्णांचं ‘ऊठ की, नऊ वाजले’ आणि वहिनींचं दर दहा मिनिटांनी दार ढकलून बघणं, दोन्ही एकाच पारड्यात. हे मी तोंडानं सांगितलं तर दोघंही माझ्यावर उखडतील. सीनाकडं बघून त्यांचं त्यांना उमगलं तर बरं. आणि आंघोळ न करणं, भिंतीकडं बघत बसणं, हा आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे, हेही अण्णांना कुणीतरी सांगायला हवं. आवाज गोळ्यांनी लवकर कमी होतात, हे मागं रेंगाळतं.

एका ठिकाणी मात्र जपून. शेषच्या आयुष्यात न मिळालेलं प्रेम आहे, तुटणारं जंगल आहे, त्यामुळं घरचे बघता बघता ‘बघ, धक्का बसला म्हणून असं झालं’ असा निष्कर्ष काढतील. मग संदीपच्या बाबतीतही शोध सुरू होईल, कुठली मुलगी, कुठली परीक्षा, कुणी काय बोललं. ताणानं आजार वर येऊ शकतो, पण मूळ त्याच्याही खाली असतं, मेंदूत आणि काही अंशी घराण्यात. दोष कुणाचाच नाही. शिवाय शेषच्या भोवती शिकलेली, सवड असलेली माणसं आहेत. आपल्याकडं निपाणीहून धारवाडला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, ते या सिनेमात नाही.

संदीपला मात्र आत्ताच बसवू नका. आजार जोरात असताना टीव्हीवरचं बोलणं आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटू शकतं. आधी दोघांनी बघावं, गोळ्यांचा असर दिसू लागला की डॉक्टरांना विचारून मग त्याला. आणि ‘भूलभुलैया’ घरात लावूच नका. त्यात मानसोपचारतज्ज्ञच मांत्रिकाशी संगनमत करून शेवटी विधीच्या थाटात पेशंट बरी करतो. वहिनींना नेमकं तेच हवंय.

याच दिग्दर्शकांचा ‘कासव’ तुझ्यासाठी सांगतो. डिप्रेशनवरचा आहे, स्वर्णकमळ मिळालेला, आलोक राजवाडे आणि इरावती हर्षे. जीव द्यायला निघालेला एक मुलगा कोकणात जानकीच्या घरी येऊन पडतो आणि ती त्याला नाव विचारायची घाई करत नाही. जेवण ठेवते, जागा देते, वाट बघते. ती स्वतःही त्यातून गेलेली आहे. सुरुवात जड आहे, तेव्हा वहिनींना आत्ता नको. तू बघ, रात्री उशिरा नको.

आणि ‘अस्तु’ असाच, आपल्या भागासाठी. आजार वेगळा, अल्झायमर. संस्कृतचा म्हातारा प्राध्यापक हत्तीमागं जाऊन हरवतो आणि माहुताच्या बायकोपाशी पोचतो. तिचं नाव चन्नम्मा, बोलते कन्नड. (आपल्याला चन्नम्मा म्हटलं की बेळगावच्या सर्कलमधली घोड्यावरची राणी.) अमृता सुभाषला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या शेजारच्या कन्नड काकू बघायला आल्या होत्या. चन्नम्मा त्या म्हाताऱ्याला लेकरासारखं भरवू लागली, तेव्हा आम्ही मराठी खालच्या ओळी वाचत बसलो आणि काकूंनी पदर डोळ्याला लावलासुद्धा.

संदीपचे हात कापतात, मान आखडते, असं काही दिसतंय का ते लगेच कळव. काही गोळ्यांनी तसं होतं आणि त्यावर उपाय असतो. पण त्यासाठी गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. धारवाड लांब पडलं तर 14416 हा सरकारी मोफत नंबर आहे, टेलिमानस. कन्नडमध्ये बोलतात, तुला काय अडचण?

वहिनींनी सिनेमा बघितला की काय म्हणाल्या ते लिही. शिव्या घातल्या तरी लिही.

तुझा,
दिगंबर