पर्जन्यमापन मंडळासाठी अंगण आणि चौदा हजार रुपये हवेत : खानापूर परिसरातील गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या पदवीपूर्व महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पर्जन्यमापन मंडळ सुरू करण्याचा प्रस्ताव प्राचार्यांकडे दिला होता. प्राचार्यांनी त्याला एक वर्षासाठी मान्यता दिली आहे. रकमेचा काही भाग अजून जमायचा आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाच गावांत जागा हवी आहे. म्हणून माजी विद्यार्थी संघातर्फे हे आवाहन करीत आहोत.

आपल्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथे दिवसरात्र धो धो कोसळत असताना बिडीकडचा शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. हा फरक आपण सगळे बोलतो, पण गावागावांचा रोजचा आकडा शेजारी शेजारी मांडलेला आपल्या महाविद्यालयात कुणी पाहिलेला नाही. कणकुंबी, जांबोटी, लोंढा, नंदगड, बिडी आणि खानापुरात महाविद्यालयाचे आवार अशा सहा ठिकाणी रोजचा पाऊस मोजायचा, असे मुलांनी ठरवले आहे.

पहिल्या अर्जात उद्देशाच्या जागी ‘पर्यावरणविषयक जागृती’ असे लिहिले होते. प्राचार्यांनी एवढेच विचारले, “वर्षाच्या शेवटी माझ्या टेबलावर काय येईल?” मुलांनी तो परिच्छेद काढून नवा लिहिला. 1 जून ते 30 सप्टेंबर या काळातल्या सहाही ठिकाणच्या रोजच्या नोंदींची एक वही ऑक्टोबरमध्ये ग्रंथालयात जमा होईल आणि तिची प्रत त्या त्या ग्रामपंचायतीला मिळेल. रोप लावणी कुठे कधी झाली तेही त्याच वहीत पावसाशेजारी लिहिले जाईल. सरकारचे दूरमापक पर्जन्यमापक ग्रामपंचायत पातळीवर आहेतच. त्यांची जागा हे मंडळ घेणार नाही आणि पीकविम्याच्या दाव्याला या नोंदी चालणार नाहीत, हेही मुलांनी अर्जात स्पष्ट लिहिले आहे. ते आम्हाला फार आवडले.

प्राचार्यांचा दुसरा प्रश्न मार्गदर्शक शिक्षकांबद्दल होता. नुसते नाव लिहून चालत नाही, त्यांची लेखी संमती लागते. भूगोलाच्या मॅडमनी ती दिली आहे. आठवड्याला एक तास देणे, महिन्यातून एकदा प्रत्येक ठिकाणी जाऊन मापक पाहणे, वहीवर सही करणे आणि बिले तपासणे, एवढे त्यांच्याकडे आहे. त्या रजेवर गेल्या किंवा त्यांची बदली झाली तर पावसाळा थांबणार नाही, म्हणून भौतिकशास्त्राच्या सरांनी सहमार्गदर्शक व्हायचे मान्य केले आहे. दुसऱ्या वर्षाची मुले मार्चची परीक्षा देऊन निघून जातात. म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी असलाच पाहिजे, अशी अट मॅडमनी घातली. दोन वर्षांत बंद पडणारी मंडळे बहुतेक इथेच अडतात.

आता अंदाजपत्रक. सहा फायबरचे मापक, प्रत्येकी 3,200 प्रमाणे 19,200 रुपये. पाया व काँक्रीट 3,000. मोजपात्रे फुटतात, म्हणून दोन जादा, 700. वह्या 600. पाहणीचा प्रवास 1,500, कारण शक्ती योजनेमुळे मुलींना आणि मॅडमना बसचे तिकीट नाही, खर्च फक्त मुलांचा आणि सरांचा. एकूण 25,000. पहिल्या मसुद्यातले टी-शर्ट आणि उद्घाटनाचा अल्पोपाहार मुलांनी आपणहून काढून टाकला. महाविद्यालय उपक्रम निधीतून 5,000 देत आहे, संघाने 6,000 दिले आहेत, उरले 14,000. पुढच्या वर्षापासून वह्या, प्रवास आणि मोजपात्रे मिळून 2,800 लागतील. ते महाविद्यालयाने उचलायचे मान्य केले आहे, त्यामुळे दरवर्षी आपल्या दारी येणार नाही.

स्वस्तातला छोटा मापक का नको, असे काहींनी विचारले. मागवलेल्या मापकाचे तोंड 200 चौरस सेंटीमीटरचे आहे. त्यात 20 मिलिलिटर पाणी साठले की 1 मिलिमीटर पाऊस झाला. आतली बाटली 2 लिटरची घेतली तर 100 मिलिमीटरला भरून वाहते, आणि पश्चिमेकडे एवढा पाऊस एका दिवसात पडू शकतो. म्हणून 4 लिटरची घेतली आहे. तीही 200 मिलिमीटरला भरते, तेव्हा मोठ्या पावसात संध्याकाळीही मोजून ओतायचे आणि सकाळी दोन्ही आकडे मिळवायचे. सहाही मापक एकाच मापाचे आहेत, कारण 100 चौरस सेंटीमीटरचे मोजपात्र चुकून इथे वापरले तर पाऊस दुप्पट दिसतो. मोजपात्र फुटलेच तर स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यानेही भागते. समजा 1,340 मिलिलिटर पाणी निघाले, तर 20 ने भागून 67 मिलिमीटर.

खरी अडचण वेळेची आहे. नोंद सकाळी साडेआठला घ्यायची असते, म्हणजे ती इतर ठिकाणच्या आकड्यांशी ताडता येते. त्या वेळी आपली मुले बसमध्ये असतात. कणकुंबीची विद्यार्थिनी तर खानापुरात वसतिगृहात राहते. म्हणून प्रत्येक ठिकाणी घरातले एक माणूस लागेल. तिच्या आजींनी हे काम अंगावर घेतले आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “पाऊस पडलाच नाही तर काय लिहायचं?” शून्य लिहायचे. पण मोजायचे राहून गेले, तर शून्य न लिहिता ‘नोंद नाही’ असे लिहायचे. हा फरक सांभाळला नाही तर अख्खी वही वाया जाते. शेजारच्या गावात 60 मिलिमीटर आणि आपल्याकडे काहीच नाही, असे झाले की आधी नरसाळ्यात पान अडकले आहे का ते बघायचे. सगळे आकडे 5 किंवा 0 नेच संपू लागले तर कुणीतरी अंदाजाने लिहीत आहे, असे समजून मॅडम त्या घरी जातील.

जागेचे म्हणाल, तर मापकाचे तोंड जमिनीपासून 30 सेंटीमीटरवर असते आणि घर किंवा झाड जितके उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो बसवावा लागतो. 4 मीटर उंचीच्या कौलारू घरापासून 8 मीटर. फणसाखाली, पागोळ्यांजवळ तो ठेवता येत नाही. गुरे येऊ नयेत म्हणून काट्यांचे कुंपण हवे. मापक घराच्या आवारातच बसवायचे, ओढ्याकाठी नाही, ही प्राचार्यांची अट आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाची सुट्टी दिली त्या दिवशी कुठल्याही मुलाने नोंदीसाठी आवाराबाहेर पडायचे नाही.

कणकुंबीची जागा ठरली आहे. जांबोटी, लोंढा, नंदगड आणि बिडी इथे अजून मोकळी अंगणे हवी आहेत. महाविद्यालयाच्या आवारातली जागा मॅडमनी बघितली, पण तिथे एक झाड आड येते, म्हणून शेजारच्यांनी परसातली जागा दिली तर बरे होईल. ज्यांचे अंगण या मापात बसते आणि घरात सकाळी साडेआठला कुणी ना कुणी असते, त्यांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात नाव द्यावे. विद्यार्थी येऊन जागा मोजून जातील.

देणगी कार्यालयातच द्यावी आणि पावती घ्यावीच. रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात राहील, खर्चाच्या प्रत्येक बिलावर मॅडम आणि विद्यार्थी खजिनदार अशा दोघांच्या सह्या असतील आणि हिशेब सूचना फलकावर लागेल. सिमेंट, वाळू किंवा गवंड्याचा एक दिवस दिलात तरी चालेल, तेवढी रक्कम अंदाजपत्रकातून कमी होईल. काँक्रीट मुरायला आठवडा लागतो आणि पहिली नोंद 1 जूनला आहे, म्हणून सर्व मदत 15 मेपर्यंत पोचावी, ही विनंती.

आपले,
माजी विद्यार्थी संघ, खानापूर