वय आणि महिना ओळखायचं गणित

सातारा
12 मे

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

मुंजीच्या मांडवात मी तुझ्या साडूंचं वय आणि जन्ममहिना ओळखला, तेव्हापासून तू माझ्या मागे लागला आहेस. फोनवर सांगून हे डोक्यात शिरत नाही, कागदावर मांडावं लागतं. म्हणून सगळं लिहून पाठवतो. सुट्टीत तुझ्याकडे भाचरं जमणार आहेत, त्यांच्यासमोर तुला उपयोगी पडेल.

समोरच्याला सांगायचं: तुझ्या जन्ममहिन्याचा आकडा मनात धर. जानेवारी 1, डिसेंबर 12. त्याची दुप्पट कर. त्यात 5 मिळव. आलेल्याला 50 ने गुण. त्यात तुझं वय मिळव. मग 365 वजा कर आणि 115 मिळव. शेवटी आलेला आकडा तेवढा मोठ्यानं सांग.

समज, एक बाई ऑगस्टमधल्या आहेत आणि वय 47. आठाची दुप्पट 16, पाच मिळवले की 21, पन्नासने गुणून 1050. त्यात 47 मिळवले की 1097. 365 गेले, राहिले 732. 115 मिळवले, झाले 847. शेवटचे दोन आकडे वय, त्याआधीचा महिना. आठ आणि सत्तेचाळीस.

पन्नासने गुणताना लोक अडतात, त्यांना आपली निमकी आठवून दे. निम्मं करायचं आणि तितके शेकडे म्हणायचे. 21 चे निम्मे साडेदहा, म्हणजे साडेदहाशे. दुप्पट केल्यावर पाच मिळवलेले असल्यामुळे इथे आकडा नेहमी विषमच येतो, म्हणून उत्तर कायम "साडे"चंच असतं, शेवटी 50 असणारच. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आता आतली गोष्ट. महिना आधी दोनाने गुणला, मग पन्नासने, म्हणजे एकंदर शंभरने. त्यामुळे तो उचलून शतकाच्या घरात जाऊन बसला आणि एकक-दशकाची दोन घरं मोकळी झाली. त्या मोकळ्या घरांत वय घातलं. खरं काम एवढंच. पण "महिन्याला शंभरने गुण आणि वय मिळव" असं सांगितलं तर पाचवीतलं पोरही हसेल, म्हणून मध्ये पाच टाकले आहेत. त्या पाचांचेही पन्नासपट झाले, म्हणजे 250 जास्तीचे आले. ते काढायचे आहेत. सरळ "250 वजा कर" म्हटलं तर हुशार माणसाला वास लागतो, म्हणून 365 वजा आणि 115 मिळव. दोन्ही मिळून 250 च जातात. 365 ऐकलं की लोकांना वाटतं, वर्षाच्या दिवसांचा काहीतरी संबंध असणार. काही नाही, नुसती धूळफेक. मला या युक्तीतला सगळ्यात गमतीचा भाग तोच वाटतो.

पण या 365 चा एक त्रास आहे, आणि तुझ्या भाचरांत तो हमखास येईल. जानेवारीत जन्मलेली दहा वर्षांची पोर घे. एकाची दुप्पट 2, पाच मिळवून 7, पन्नासने 350, वय मिळवून 360. यातून 365 कसे जाणार? ती तिथेच थांबते, "काका, जात नाही" म्हणते, आणि सगळा खेळ बसतो. खरं तर उणे 5 धरून 115 मिळवले तर 110 येतात, म्हणजे जानेवारी आणि दहा, अगदी बरोबर. पण ऋण संख्या अजून शिकायच्या असतात. पंधराच्या आतल्या जानेवारीकरांनाच ही अडचण येते, बाकी कुणाला नाही. म्हणून मुलांसमोर शेवटच्या दोन पायऱ्या गाळायच्या. वय मिळवल्यावरच आकडा विचारायचा आणि 250 आपण मनात काढायचे. 360 मधून 250 गेले की 110. यात आणखी एक फायदा: मूल जो आकडा सांगतं त्यात वय उघड दिसत नाही, त्यामुळे बघणाऱ्यालाही काही कळत नाही. मला तर हीच पद्धत सगळ्यांसाठी बरी वाटते.

एक सावधगिरी ठेव. मूल पाच वर्षांचं आणि मार्चमधलं असेल तर 305 येतं. मधला शून्य वयाचाच आहे. नेहमी शेवटची दोन घरं वयाला द्यायची.

लोकांची बेरीज-गुणाकार चुकतात, ते ओळखता आलं पाहिजे. त्याच ऑगस्टच्या बाई पाच मिळवायला विसरल्या तर 16 चे 800, वय मिळवून 847, आणि तू 250 काढलेस की 597. म्हणजे मे महिना, वय सत्त्याण्णव! समोर सत्तेचाळीशीची बाई बसलेली असताना असं काही निघालं तर वय जाहीर करू नकोस, मार खाशील. "पन्नासने गुणल्यावर शेवटी 50 आले होते ना?" एवढंच विचार. 800 आले असतील तर पाच विसरले. एखादा 1050 ऐवजी 1005 लिहितो, तोही याच प्रश्नात सापडतो.

शंभरी ओलांडलेल्यांपाशी ही युक्ती खोटी पडते, कारण वयाला दोनच घरं आहेत. 102 वर्षांच्या मार्चमधल्या आजींचे 402 येतात, म्हणजे एप्रिल आणि दोन वर्षं. आजींसमोर तुझा गोंधळ होणार नाही, पण मुलांना हे मुद्दाम करून दाखव. घर भरलं की हातचा शेजारी जातो, हे त्यांना लगेच दिसेल.

मोठ्यांच्या बाबतीत खरी कटकट आकड्यांची नाही, वयाचीच आहे. आधी ठरवून घे, पूर्ण झालेलं वय की चालू? "साठ पूर्ण, एकसष्टावं चालू" म्हणणारे लोक मधेच बदलतात. जन्मतारखेचंही तसंच. आपल्या मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेत गुरुजींनी 1 जून तारीख टाकलेली आहे. चार काकांना विचारलंस आणि चौघांचाही सहावा महिना निघाला, तर युक्तीवर संशय घेऊ नकोस. त्यांना तिथी विचार. चैत्र 1 धरून फाल्गुनापर्यंत 12 आहेतच, म्हणजे श्रावणातल्याने 5 धरायचे, कार्तिकातल्याने 8. गणिताला महिना कुठल्या पंचांगातला याचं काही नाही. अधिक महिन्यात जन्मलेला कुणी निघाला तर त्याने निज महिन्याचाच आकडा घ्यावा, भांडत बसू नये.

एकच प्रयोग दोनदा केलास की पोरं 250 पकडतील. तेव्हा मधले पाच बदल. जितके मिळवायला सांगशील त्याचे पन्नासपट शेवटी काढायचे: 7 असतील तर 350, 4 असतील तर 200. ऐनवेळी कुणाला तरी विचार, "एखादा आकडा सांग रे," आणि तोच मिळवायला लाव. मग तर आधी काही ठरवलेलं असेल असं कुणाला वाटतच नाही.

कळलं का बघू. आमच्या धाकट्या सुनेला काल 5 ऐवजी 8 मिळवायला लावले. वय मिळवल्यावर तिने 1127 सांगितले. तिचा वाढदिवस कुठल्या महिन्यात येतो ते उत्तरात लिही. वय ओळखलंस तरी लिहू नकोस, पत्र ती वाचते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या