विमान उतरण्याची तारीख धरा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी आखातात असते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आमच्या घरी नोव्हेंबर २०२५ मध्ये जे झाले ते आणखी कोणाकडे होऊ नये, एवढ्याचसाठी.

माझी पुतणी दुबईला असते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला माझी वहिनी जाणार होती. तारीख वीस नोव्हेंबरच्या आसपासची दिलेली, म्हणून १४ नोव्हेंबरच्या रात्रीचे तिकीट काढले. डिंकाचे लाडू, अळीव, घरची सोलं, बाळाची दुपटी, सगळे बांधून झाले. फोंड्याहून विमानतळावर आम्ही तीन तास आधी पोचलो. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट यंत्रावर धरला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा एकदा धरला आणि म्हणाला, "मावशी, याची सहा महिने मुदत उरत नाही. बोर्डिंग पास देता येणार नाही."

माझा भाऊ काटेकोर माणूस आहे. त्याने हिशेब केला नव्हता असे नाही. पासपोर्ट १४ मे २०१६ चा, दहा वर्षांचा, म्हणजे १४ मे २०२६ पर्यंत. प्रवास १४ नोव्हेंबरला. नोव्हेंबर ते मे, सहा महिने बरोबर. त्याला पटेना की चुकले कुठे. चूक दोन ठिकाणी होती, आणि दोन्ही एकेका दिवसाच्या होत्या.

पहिली पासपोर्टच्या पानावरच होती. आपल्याला पासपोर्ट कधी मिळाला ती तारीख लक्षात राहते आणि तिच्यात आपण दहा मिळवतो. पण मुदत एक दिवस आधी संपते. १४/०५/२०१६ ला दिलेल्या पासपोर्टवर समाप्तीची तारीख १३/०५/२०२६ छापलेली असते. दोन्ही तारखा त्याच पानावर असतात आणि घाईत नजर नेमकी ओळखीच्या तारखेवर जाते. फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यांतल्या दुसऱ्या ओळीत हीच समाप्तीची तारीख वर्ष, महिना, दिवस अशा उलट्या क्रमाने असते. वहिनीच्या पासपोर्टवर तिथे 260513 होते. यंत्र तीच ओळ वाचते. त्याला आपण तोंडाने काय सांगतो याच्याशी काही देणेघेणे नसते.

दुसरी चूक प्रवासाच्या तारखेची. तिकिटावर १४ नोव्हेंबर होते ते निघण्याचे. विमान रात्री बाराला थोडा वेळ असताना सुटणार होते. साडेतीन तासांचा प्रवास, दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तिथे उतरताना पंधरा तारखेचे पहाटेचे दोन वाजत आलेले असणार. संयुक्त अरब अमिरातीचा नियम तिथे प्रवेश करण्याच्या दिवसापासून सहा महिन्यांचा आहे. १५ नोव्हेंबरपासून सहा महिने म्हणजे १५ मे, आणि पासपोर्ट संपतो १३ मे ला. भावाने तिथेच मोबाइलवर १८० दिवसांचा हिशेबही लावून पाहिला. १५ नोव्हेंबर ते १३ मे, १७९ दिवस. कसेही मोजले तरी कमीच.

"पण व्हिसा तर मिळाला आहे ना?" हे वहिनी तीनदा म्हणाली. आम्हालाही तसेच वाटत होते. मला आता ही या सगळ्यातली सर्वांत फसवी गोष्ट वाटते. व्हिसाचा अर्ज २० ऑक्टोबरला केला होता. त्या दिवशी पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून तीन आठवडे जास्त होती, म्हणून अर्ज बिनबोभाट मंजूर झाला. काउंटरवर मोजतात ते उतरण्याच्या दिवसापासून. मधले तीन-चार आठवडे कोणाच्याच लक्षात आले नाहीत, तिकीट काढून देणाऱ्या एजंटच्याही नाही, आणि त्याच्याकडे पासपोर्टची प्रत महिनाभर पडून होती.

त्या मुलावर आम्ही आवाज चढवला याचे मला वाईट वाटते. तिकडून प्रवासी परत पाठवला गेला तर त्याला फुकट परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही बसू शकतो. त्यामुळे दोन दिवसांचा प्रश्न असो की दोन महिन्यांचा, काउंटरवर कोणी सोडत नाही. सोडणे त्याच्या हातातही नसते.

पुढे सोमवारी पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाची वाट धरली. तत्काळमध्ये साडेतीन हजार रुपये भरून री-इश्यू केला, नवा पासपोर्ट आला. पण नव्या पासपोर्टचा नंबर नवा आणि व्हिसा जुन्या नंबरवर, म्हणून व्हिसा पुन्हा काढावा लागला, तिकीटही पुन्हा. वहिनी २९ नोव्हेंबरला पोचली. बाळ २३ ला झाले होते. पुतणीने त्या सहा दिवसांत शेजारणीच्या मदतीने काय निभावले असेल ते ती सांगत नाही, आणि वहिनी ते अजून विसरलेली नाही.

हे टाळणे अवघड नव्हते. मुदत संपायला वर्ष राहिले की री-इश्यूचा अर्ज करता येतो, म्हणजे वहिनीला मे २०२५ पासूनच करता आला असता. आपण करत नाही, कारण उरलेले महिने नव्या पासपोर्टमध्ये जमा होत नाहीत. नवी दहा वर्षे नव्या तारखेपासून सुरू होतात आणि जुने महिने वाया गेले असे वाटते. पण ज्याला आखातात किंवा सिंगापूर-मलेशियाला जायचे असते त्याच्यासाठी ते शेवटचे सहा महिने तसेही कामाचे नसतात. त्याचा पासपोर्ट साडेनऊ वर्षांचाच धरायचा. मुलांचा तर साडेचार वर्षांचा, कारण लहान मुलांना तो पाच वर्षांसाठीच मिळतो. आई-वडिलांचे आणि मुलाचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले असले की घरात सगळ्यांचे एकदमच संपणार असे वाटते, आणि मुलाचा पाच वर्षे आधी संपतो.

मोजताना बोटांवर महिन्यांची नावे घेऊ नयेत, चालू महिनाही त्यात मोजला जातो आणि सहाचे सात होतात. विमान ज्या दिवशी तिकडे उतरते ती तारीख कागदावर लिहावी, तिच्यात फक्त महिना सहाने पुढे न्यावा आणि पासपोर्टवरची समाप्तीची तारीख त्याच्या खाली लिहावी. खालची तारीख वरच्यापेक्षा निदान पंधरवड्याने पुढची असावी असे मी म्हणेन, कारण विमाने पुढे ढकलली जातात. युरोपचा हिशेब वेगळा आहे. शेंगेन देशांत, म्हणजे पोर्तुगालला जातानाही, तिथून परत निघण्याच्या दिवसापासून तीन महिने मोजतात, तेव्हा तिथे परतीची तारीख धरावी लागते.

गोव्यातल्या तिकीट एजंटांना माझी एक विनंती आहे. पासपोर्टची प्रत तुमच्याकडे असतेच. तिकिटाच्या पावतीवर उतरण्याची तारीख आणि पासपोर्ट संपण्याची तारीख एकाखाली एक लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दोन ओळींचे काम आहे, आणि ते तिकीट काढण्याआधी करा.

आपला,
एक वाचक, फोंडा