टोपली उचलणाऱ्याला ठाऊक होते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तीन दारांचे कोडे आले: एका दारामागे गाडी, तुम्ही एक दार निवडता, सूत्रधार उरलेल्या दोहोंतले एक दार उघडतो, मागे गाडी नसते, आता तुम्ही दार बदलावे की नाही? बुधवारी त्यावर निवृत्त अभियंत्यांचे पत्र आले आणि पत्राखाली तुमची चौकट: 'दोन्ही मते आपापल्या जागी योग्य आहेत. या विषयावरील पत्रव्यवहार येथेच थांबवत आहोत.' मी पोस्टाच्या काउंटरवर २९ वर्षे काढली. मनिऑर्डर पाचशेची होती की हजाराची, या वादात दोन्ही मते आपापल्या जागी योग्य निघाल्याचे मला आठवत नाही. तरी हे पत्र छापावे ही विनंती. न छापल्यास आश्चर्य वाटणार नाही.

पुरवणीवाल्यांनी उत्तर बरोबर दिले होते. दार बदला, जिंकण्याची शक्यता दुप्पट होते. पण का होते, ते दोन ओळींत गुंडाळून टाकले. अभियंता साहेब म्हणतात, 'दोन दारे उरली, गाडी एकामागे. म्हणजे निम्मे-निम्मे. यात गणित कसले?' हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले आहे, आमच्या वाडीच्या मंडळाच्या खजिनदारांच्या तोंडून. तेव्हा ते मला काजूगरांच्या चार पाकिटांना पडले होते, म्हणून बुधवारपासून चैन नाही.

झाले असे. मे महिन्यात चाकरमानी आले की आमच्याकडे वाडीची सत्यनारायणाची पूजा असते आणि रात्री कार्यक्रम. त्या वर्षी भाचीच्या पुस्तकात वाचून मी हाच खेळ बसवला. तीन पालथ्या टोपल्या, एकीखाली पाव किलो गरांचे पाकीट, दोहोंखाली नारळाची सोडणे. खेळणाऱ्याने एका टोपलीवर हात ठेवायचा. मग मी उरलेल्या दोहोंतली एक उचलून खालचे सोडण दाखवायचे आणि विचारायचे, हात हलवणार की तिथेच ठेवणार? पाकीट कुठे ते मला अर्थातच माहीत, कारण ठेवलेलेच मी. तीस जणांची नावे आली होती. खजिनदारांनी हिशेब केला, तीन टोपल्या, तीस माणसे, दहा पाकिटे लागतील, वर दोन जादा. बारा आणली.

सुरुवातीला कुणी हात हलवेना. म्हातारी माणसे तर मागून ओरडायची, 'पयली टोपली सोडूची नाय!' मग भाचीची पाळी आली. तिने हात हलवला आणि जिंकली. तिच्यामागच्या पोरांनी ते बघितले आणि तीही हलवू लागली. शेवटी माझ्या वहीत हिशेब असा झाला: चौदा जणांनी हात हलवला नाही, त्यातले पाच जिंकले. सोळा जणांनी हलवला, त्यातले अकरा जिंकले. पाकिटे लागली सोळा, होती बारा. 'इतके गर खंय गेले?' इथून सुरू होऊन गाडी 'बाईन भाचयेक खूण केल्यान' इथपर्यंत आली. चार पाकिटांचे पैसे मी भरले. खजिनदारांनी पावती दिली, तीसुद्धा 'देणगी' म्हणून.

खूण वगैरे काही नव्हती. खेळणाऱ्याने नेहमी पहिल्या टोपलीवर हात ठेवला असे समजा आणि असे तीस डाव मोजा. पाकीट दहा वेळा पहिलीत, दहा वेळा दुसरीत, दहा वेळा तिसरीत. पहिलीत असेल तेव्हा मला दोन्ही टोपल्या मोकळ्या. मी मनात येईल ती उचलते, म्हणजे पाच वेळा दुसरी, पाच वेळा तिसरी. दुसरीत असेल तेव्हा मात्र माझा हात बांधलेला. दुसरी उचलता येत नाही, तेव्हा दहाच्या दहा वेळा तिसरीच उचलावी लागते. पाकीट तिसरीत असेल तर तिला मी शिवत नाही.

आता खेळणाऱ्याला फक्त एवढे दिसले की बाईंनी तिसरी उचलली. तीसपैकी असे डाव किती? पाच आणि दहा, पंधरा. त्या पंधरात पाकीट पहिलीत पाच वेळा, दुसरीत दहा वेळा. हात ठेवला तर एक तृतीयांश, हलवला तर दोन तृतीयांश. मी दुसरी उचलली तरी हिशेब तसाच निघतो. पुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात. जे दिसले त्याच्याशी जुळणारे डाव तेवढे बाजूला काढायचे आणि त्यांतच मोजायचे. अभियंता साहेब टोपल्या मोजतात, दोन उरल्या म्हणून निम्मे. पण दोन टोपल्या उरल्या म्हणून त्यांचे वजन सारखे होत नाही. एक उरली कारण तिच्यावर हात होता आणि नियमाने मी तिला हात लावू शकत नव्हते. दुसरी उरली ती मी उचलली नाही म्हणून, आणि मला ठाऊक होते.

मंडळाने पुढच्या वर्षी खेळ माझ्याकडून काढून घेतला. मुंबईला बँकेत असलेल्या एका गृहस्थांकडे दिला. फसवणूक नको म्हणून एक सुधारणाही केली: पाकीट भलत्यानेच ठेवायचे आणि टोपली उचलणाऱ्याला ते कुठे आहे ते कळू द्यायचे नाही. गावात सगळ्यांना हे फार पटले. मी मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसले होते.

तीस डावांत अकरा वेळा त्यांनी उचललेल्या टोपलीखालून पाकीटच बाहेर आले. हशा, टाळ्या, डाव रद्द. उरलेल्या एकोणीस डावांत पाकीट हाताखालच्या टोपलीत नऊ वेळा, दुसऱ्या टोपलीत दहा वेळा. निम्मे-निम्मे! खजिनदार माझ्याकडे बघून हसले. सगळ्या मांडवाला वाटले, गेल्या वर्षीची चोरी पकडली गेली.

आणि मला वाटले, अरे, हे तर बरोबर आहे. घरी येऊन पुन्हा तीस डाव मांडले. उचलणाऱ्याला काही ठाऊक नाही, म्हणजे पाकीट कुठेही असो, तो दुसरी किंवा तिसरी नुसती अंदाजाने उचलणार. पाकीट पहिलीत असताना दहापैकी पाच वेळा तिसरी उचलेल, खाली सोडण. पाकीट दुसरीत असताना तिसरी उचलण्याची सक्ती आता राहिली नाही, तेव्हा तीही दहापैकी पाचच वेळा. उरलेल्या पाच वेळा तो दुसरी उचलून पाकीटच उघडे पाडणार. तिसरी उचलली आणि सोडण दिसले, असे डाव पाच आणि पाच. सारखे. रद्द होणारे डाव तीसपैकी दहा. आमच्याकडे अकरा झाले.

खेळणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही वर्षी दिसले ते एकच, उचललेली टोपली आणि खाली सोडण. पहिल्या वर्षी सोडण दिसणारच हे आधीपासून ठरलेले होते, म्हणून ते पाहून हाताखालच्या टोपलीबद्दल नवे काहीच कळले नाही. तिची एक तृतीयांश शक्यता होती तेवढीच राहिली. दुसऱ्या वर्षी पाकीटही दिसू शकत होते, पण दिसले नाही. हाताखाली पाकीट असेल तर सोडण हमखास दिसते, नसेल तर निम्म्याच वेळा. म्हणून या वेळी सोडण दिसले की हाताखालच्या टोपलीची शक्यता तिसऱ्या हिश्श्यावरून निम्म्यावर चढते.

तेव्हा तुमची चौकट चुकून अर्धी खरी ठरते, संपादक महाशय. पण फक्त तुमच्याच पुरवणीमुळे. १९९० साली अमेरिकेतल्या 'परेड' या साप्ताहिक पुरवणीत मॅरिलिन व्होस साव्हंट यांनी हे कोडे घेतले, त्या प्रश्नात 'दारांमागे काय आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार' असे स्पष्ट लिहिले होते. तुमच्याकडे नुसता 'सूत्रधार एक दार उघडतो' एवढेच उरले. पुरवणीत सोन्याच्या दुकानाची पाऊण पान जाहिरात होती, तेव्हा जागा कशी गेली ते समजू शकते. पण 'ठाऊक असलेला' हे शब्द काढले की उत्तर निम्मे-निम्मेही येऊ शकते. व्होस साव्हंट बाईंना सुमारे दहा हजार पत्रे आली, त्यांतली जवळपास हजार पीएच.डी. झालेल्यांची, आणि बहुतेकांनी बाईंनाच चूक ठरवले. मला चार पाकिटेच पडली. स्वस्तात सुटले म्हणायचे.

आणि पत्रव्यवहार थांबवण्याबद्दल. हे कोडे या रूपात आले तेच मुळी संपादकाला लिहिलेल्या पत्रातून. स्टीव्ह सेल्विन नावाच्या संख्याशास्त्रज्ञांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'ला ते लिहिले, तीन पेट्या आणि एकीत गाडीच्या किल्ल्या. उत्तर चूक म्हणणारी पत्रे आली, तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरे पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपला आधार उघड मांडला: सूत्रधाराला किल्ल्या कुठे आहेत ते ठाऊक असते, आणि दोन्ही पेट्या उघडण्याजोग्या असतील तर तो त्यातली कोणतीही सहज उचलतो. मी वर 'मनात येईल ती' म्हटले ते हेच. त्या संपादकाने ते दुसरे पत्रही छापले. फेब्रुवारीतच चौकट टाकून मोकळा झाला असता तर?

एक गोष्ट अभियंता साहेबांसाठी. हे कोडे ज्यावरून आले त्या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या खऱ्या खेळात सूत्रधार माँटी हॉल यांच्यावर दार उघडून बदलायची संधी देण्याची सक्ती नव्हती. एखादा सूत्रधार तुमचे दार बरोबर असेल तेव्हाच बदलायला सांगत असेल, तर बदलणारा दर वेळी हरेल. तेव्हा खेळायला बसण्याआधी नियम विचारून घ्या. आमच्या वाडीत कुणी विचारले नव्हते.

जाता जाता. मंगळवारी आणि बुधवारी तुम्ही भरतीची वेळ एकच छापली आहे, मिनिटासकट. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माझे दीर तुमचा आकडा बघून खाडीत होडी घेऊन गेले आणि पाणी वाढायची वाट बघत चिखलात बसले. याच्यावरही दोन्ही मते आपापल्या जागी योग्य असतील तर तसे कळवावे.

आपली,
एक वाचक, वेंगुर्ले

(नाव छापू नये. पुढच्या महिन्यात चतुर्थी आहे, खजिनदार आरतीला घरी येतात.)