माझ्या रूम पार्टनरला, त्या वहीबद्दल

भावा, एसओएम, म्हणजे आपला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, सुटला. तोंडावर थँक्यू म्हटलं की तू लगेच विषय बदलतोस म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाच गपचूप.

पेपरच्या आधी मी कोणाकोणाकडे नोट्स मागितल्या तुला माहितीये. एकाने मेसेज बघून रिप्लायच नाही दिला, दुसरा म्हणाला माझ्याच अपूर्ण आहेत, आणि सरांकडे गेलो तर "हे तर बेसिक आहे" एवढंच. अरे बेसिकच कळत नव्हतं म्हणून तर आलेलो ना! ज्यांचे फोटो मिळाले त्यात पण गणित, खाली थेट उत्तर, मधलं सगळं गायब.

तुझ्या वहीत मधलंच होतं. तुझ्या घरात कॉलेजला जाणारा तू पहिला, अडलं तर विचारायला कोणी नाही, म्हणून तू प्रत्येक पायरीला "हे का?" लिहून खाली स्वतःच उत्तर शोधलेलं. ते सहा मीटरच्या बीमचं गणित मला अजून पाठ आहे. दोन्ही टोकांना सपोर्ट, डावीकडून दोन मीटरवर १२ किलोन्यूटनचा लोड. रिअ‍ॅक्शन डावीकडे ८, उजवीकडे ४, कारण लोड ज्या सपोर्टजवळ तो जास्त उचलणार. मग लोडखालचा बेंडिंग मोमेंट डावीकडून ८ गुणिले २ म्हणजे १६, आणि बाजूला पेन्सिलने, "उजवीकडून पण काढ, ४ गुणिले ४, तोच आला पाहिजे, नाही आला तर पुढे जाऊ नको, आधी रिअ‍ॅक्शन बघ." माझं गणित नेमकं कुठे फसतंय हे पहिल्यांदा तिथे कळलं. तोवर मी डायग्राम नुसते पाठ करत होतो, लोडची जागा बदलली की संपलं.

पण खरं सांगू का, मनाला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. पेपर तुझाही होता, वही एकच. मी म्हटलं तुझं झालं की दे. तू काही न बोलता पिना काढल्यास आणि ब्लेडने मधल्या घडीवर वही सरळ कापलीस, कारण पहिलं पान शेवटच्या पानाला जोडलेलं असतं, नुसत्या पिना काढून भाग होत नाहीत. बीमचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवलास, म्हणालास "हे तू आधी घे, मी टॉर्शन करतो, नंतर बदलू." इतकी जपलेली वही रे, कव्हर घातलेली, आणि एवढ्या सहज कापलीस. माणूस चांगला असणं म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलं, हुशार तर वर्गात ढिगाने आहेत.

पेपरात बीमवर दोन लोड आले. दोन्हीकडून काढलं, जुळलं, मगच पुढचा प्रश्न घेतला.

मनापासून आभार भावा. पुढच्या सेमला फ्लुइडचे डेरिव्हेशन मी लिहून काढतोय, एकही पायरी न गाळता, तुझ्यासाठी एक कॉपी वेगळी.